भुवईची जागा

तिच्या डाव्या भुवईत एक बारीक चीर होती. लहानपणी पायरीवर आपटून पडलेली. तिथे पुन्हा केस उगवलेच नाहीत. सात वर्षांची असताना ती कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत दाखल झाली, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या कॉटवरच्या मुलीनं तिला आपादमस्तक न्याहाळलं, स्वतःच्या भुवईवरून एक बोट तिरकं ओढलं, आणि तिचं नाव पडलं. कागदावरचं नाव कागदावरच राहिलं. त्या दिवसापासून ती भुवई. नाव ठेवणारीच्या गालाला हसताना खड्डा पडायचा, म्हणून ती खळी. गालात बोट टेकवलं की झालं तिचं नाव घेऊन.

चार वर्षं दोघींचे हात थांबले नाहीत. एका हातात घास असला तर दुसऱ्या हातानं गप्पा. सगळी मुलं गोल करून बसायची. गोल का, तर सगळ्यांना सगळ्यांचे हात दिसावेत म्हणून. कुणी विनोद केला की तो एकदमच सगळ्यांपर्यंत पोचायचा आणि अख्खं जेवणघर एकदम हसायचं. भुवईला वाटायचं, जग असंच असतं.

मग अकराव्या वर्षी आई तिला घरी घेऊन आली.

आईचं घराच्या पुढच्या खोलीत छोटंसं पार्लर होतं. एक खुर्ची, भिंतभर आरसा, कात्र्या, केसांचे काटे. दिवसभर बायका यायच्या आणि आई त्यांच्या पाठीशी उभी राहून आरशात बघत त्यांच्याशी बोलायची. चार वर्षं ती या आरशात दुसऱ्यांच्या मुली बघत आली होती. एकीच्या पोरीची वेणी घालता घालता एक दिवस तिचे हात थांबले. आपल्या पोरीचे केस आपण सुट्टीतच तेवढे विंचरतो, हे तिच्या मनात आलं आणि ते काही केल्या जाईना. बाबा बस डेपोत मेकॅनिक. ते म्हणाले, "अगं, ती तिथं रमलीये." आई म्हणाली, "तेच तर. ती तिथं रमलीये, आणि मी इथं." 

घराजवळच्या साध्या शाळेत सहावीत नाव घातलं. मुख्याध्यापकांनी आडकाठी केली नाही. वर्गाच्या बाई तर मनानं फार चांगल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी भुवईच्या खांद्यावर हात ठेवला, तिला पहिल्या रांगेत, अगदी आपल्या टेबलासमोरच्या बाकावर बसवलं आणि आईला म्हणाल्या, "काळजी करू नका. माझ्या नजरेसमोर ठेवते."

नजरेसमोर ठेवली, हे खरंच. पण बाईंच्या नजरेसमोर भुवई होती. भुवईच्या नजरेसमोर काय होतं, ते कुणी पाहिलं नाही.

बाईंचं टेबल खिडकीला लागून होतं. बाई तिथं उभ्या राहिल्या की मागून उजेडाचा लोट यायचा आणि त्यांचा चेहरा काळा पडायचा. ओठ कुठले दिसायला? त्यात ती इतकी जवळ होती की मान वर करून बघितलं तर बाईंची हनुवटी आणि नाकपुड्याच दिसायच्या. बाई फळ्याकडे वळून लिहिता लिहिता बोलायच्या, तेव्हा तर नुसती त्यांची वेणी. आणि वर्ग तिच्या पाठीमागे. मागून कुणीतरी प्रश्न विचारायचं, कुणीतरी उत्तर द्यायचं, सगळे हसायचे. ती वळून बघेपर्यंत हसू संपलेलं असायचं.

तिच्या दोन्ही कानांना मशीन होतं. लोकांना वाटतं, चष्मा लावला की दिसतं तसं मशीन लावलं की ऐकू येतं. तसं नसतं. डाव्या कानानं तिला बरंच काही ऐकू यायचं, उजव्यानं जवळजवळ नाहीच. आणि मशीनला शहाणपण नसतं. ते बाईंचा आवाज मोठा करतं, तसाच पंख्याचाही करतं, बाकं सरकवल्याचाही करतं. त्या खळखळाटातून शब्द वेचायचे, उरलेले ओठांवरून ओळखायचे. ओठांवर पाय, बाय आणि माय एकसारखेच दिसतात. मग वाक्यावरून अंदाज बांधायचा. एक अंदाज बांधेपर्यंत बाई तीन वाक्यं पुढं गेलेल्या असायच्या. मधल्या सुट्टीपर्यंत तिचे डोळे असे दमायचे, की डबा उघडून ती नुसती बघत बसायची.

बाई मात्र तिला विसरायच्या नाहीत. दर थोड्या वेळानं तिच्याकडे वाकून मोठ्यांदा विचारायच्या, "कळलं ना?" हे दोन शब्द तिला बाईंच्या ओठांवर पक्के ओळखता यायला लागले होते. ती मान हलवायची. मान हलवली की बाईंचा चेहरा खुलायचा, त्या पुढं जायच्या, आणि कुणी तिच्याकडे बघायचं नाही. नाही म्हटलं, तर सगळा वर्ग थांबून तिच्याकडे बघायचा. एकदा तसं झालं होतं. पुन्हा नको, असं तिनं ठरवून टाकलं.

घरीही तेच. आई केसांचे काटे दातांत धरून बोलायची. काटे दातांत असले की ओठ हलतच नाहीत. "काय गं, कशी झाली शाळा?" असंच काहीतरी ती आरशातून विचारत असणार. भुवई आरशातल्या आईला मान हलवून दाखवायची. आई खूश. भुवईला सांगायचं होतं की मला खळीची आठवण येते. इतकी येते, की झोपेत माझे हात हलतात. पण आईला खुणा येत होत्या त्या दहा-बारा: जेव, झोप, ये, ताप, आंघोळ. आठवण येते, हे त्यात कुठं नव्हतं. आणि असतं तरी तिनं सांगितलं नसतं. मुलगी घरी आली म्हणून आईनं पुढच्या खोलीचा पडदासुद्धा नवा शिवला होता. त्या पडद्याकडे बघून तिचे हात खाली राहायचे.

त्यात एक आशेची गोष्ट आली. बाईंनी सहलीची छापील चिठ्ठी वाटली. गावाबाहेरच्या तळ्यावर पक्षी बघायला जायचं. शनिवारी, सकाळी दहाला शाळेत जमायचं. चिठ्ठीत खाली सूचना होत्या आणि त्यातली चौथी सूचना भुवईनं इतक्यांदा वाचली की कागदाची घडी फाटली. 'तळ्याकाठी कोणीही बोलायचे नाही. जे सांगायचे ते खुणेने सांगावे.'

एक दिवस तरी सगळा वर्ग तिच्यासारखा होणार होता. चाळीस मुलं हातानं बोलणार, आणि त्या चाळीसांत सगळ्यात चांगलं कुणाला बोलता येणार? तिनं वहीत बगळा काढला, खंड्या काढला, पाणकोंबडी काढली, आणि प्रत्येकाला एकेक खूण ठरवली. त्या खुणा ती मुलांना शिकवणार होती.

गुरुवारी शेवटच्या तासाला बसवाल्याचा निरोप आला: शनिवारी गाडी मिळत नाही, उद्याच निघा, सातला. घंटा व्हायला पाच मिनिटं. बाई फळ्यावर गृहपाठ लिहीत होत्या. लिहिता लिहिताच त्यांनी वर्गाला सांगितलं, सहल उद्या, सकाळी सातला, घरी सांगा. वर्गात एकच कल्ला झाला. भुवईनं मागं वळून पाहिलं, सगळे बाकांवर नाचत होते. सुट्टी झाली म्हणून असतील, असा तिनं अंदाज बांधला. बाईंनी खडू ठेवला, तिच्याकडे वाकून विचारलं, "कळलं ना?"

तिनं मान हलवली.

शुक्रवारी ती नेहमीच्या वेळेला दप्तर घेऊन शाळेत गेली. वर्गात कुणी नव्हतं. आपण लवकर आलो, असं वाटून ती जागेवर बसली. अर्धा तास गेला. दुसऱ्या वर्गांतून मुलं येत-जात होती, तिच्या वर्गात मात्र नुसती बाकं. ती कुणाला विचारणार, आणि कसं? शाळेचे शिपाईमामा पाण्याच्या घागरी भरायला आले तेव्हा ती दिसली. ते काहीतरी म्हणाले. तिनं मान हलवली. ते पुन्हा म्हणाले. तिनं पुन्हा हलवली. मग मामांनी घागर खाली ठेवली, तिच्यासमोर उकिडवे बसले, दोन्ही हात पंखांसारखे पसरून हलवले, लांब रस्त्याकडे बोट दाखवलं, आणि हळहळून मान डोलावली.

तिला कळलं. शाळेत आल्यापासून कुणी सांगितलेलं तिला इतकं स्वच्छ कधीच कळलं नव्हतं.

मामा तिला घरी सोडायला आले. आईच्या खुर्चीत गिऱ्हाईक होतं, अर्धे केस कापलेले. मामांनी काय झालं ते सांगितलं आणि आईच्या हातातली कात्री तशीच राहिली. भुवई कुणाकडे न बघता आत गेली. आईनं गिऱ्हाइकाला तसंच बसवून ठेवलं आणि तिच्या मागून गेली. पोरगी वहीतली पानं फाडत होती. बगळा, खंड्या, पाणकोंबडी. आईनं हात धरला तेव्हा ती फाडायची थांबली, पण आईकडे बघेना. ऐकू न येणाऱ्या माणसानं नजर फिरवली की बोलणं संपतं. मग कितीही ओरडा.

सोमवारी आई शाळेत गेली ती भांडायच्याच तयारीनं. शब्द जुळवून ठेवले होते. पण बाई दारातच रडवेल्या झाल्या. "बसमध्ये मुलं मोजली तेव्हा लक्षात आलं हो. फोन केला, तुमचा लागेना. मला वाटलं, तुम्हीच पाठवली नसेल." मग त्या पुन्हा पुन्हा एकच म्हणत राहिल्या, "मी तिला विचारलं होतं. ती हो म्हणाली होती."

आईचं भांडण तिथंच विरलं. कारण आरशातून विचारल्यावर ती आईलाही रोज हो म्हणत होती.

दर बुधवारी एक विशेष शिक्षिका शाळेत यायच्या. पाच शाळांना स्कूटरवरून फिरतात, म्हणून सगळे त्यांना फिरत्या ताई म्हणत. आतापर्यंत त्या भुवईला वर्गाबाहेर काढून ग्रंथालयात नेत, शब्द म्हणून घेत, आणि पुढच्या शाळेला पळत. या बुधवारी बाईंनी त्यांना गाठलं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझंही चुकलं. मी मुलीला बघितलं, तिचा वर्ग बघितलाच नाही. शाळा सुटल्यावर थांबता? आईंनाही बोलवा."

शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात चौघी जमल्या. ताईंनी बाईंना भुवईच्या बाकावर बसवलं, कानांत कापसाचे बोळे घालायला दिले, आणि स्वतः खिडकीपाशी, टेबलामागं उभ्या राहिल्या. मग आवाज न काढता नुसते ओठ हलवून त्यांनी धडा शिकवायला घेतला. मधेच फळ्याकडे वळल्या. पुन्हा वळल्या. बाई डोळे बारीक करून बघत होत्या. पहिल्यांदा त्यांना हसू आलं, मग कपाळाला आठ्या पडल्या, मग त्या बाकाच्या कडेला आल्या. तीन-चार मिनिटांनी ताई त्यांच्यावर वाकल्या आणि ओठांनीच विचारलं, कळलं ना?

बाईंनी मान हलवली.

हलवली आणि स्वतःच दचकल्या. कानांतला कापूस काढून त्यांनी बाकावर ठेवला. "मला काहीच कळलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "एक अक्षर नाही. मग मी हो का म्हटलं?"

"नाही म्हटलं तर मी परत पहिल्यापासून सुरू केलं असतं," ताई म्हणाल्या. "तुम्ही दमला होतात."

मग ताई भुवईकडे वळल्या आणि खुणेनं विचारलं, "तुला कुठं बसायचंय?"

भुवईला वाटलं, आपण चुकीचं बघितलं. ताईंनी पुन्हा विचारलं. मग ती उठली. आधी शेवटच्या रांगेत गेली. तिथून वर्ग सगळा दिसायचा, पण बाईंचे ओठ तिळाएवढे. दाराशेजारी बसली, तिथं बाहेरच्या ओसरीतल्या पायांचा खडखडाट मशीनमध्ये घुसायचा. मधल्या रांगेत पंखा बरोबर डोक्यावर. चौथ्या, पाचव्या जागेवर बसून बघितलं, बाईंना फळ्याजवळ उभं राहायला सांगितलं, ताईंना मागच्या बाकावर बसवलं. आई भिंतीला टेकून बघत होती. आपली पोरगी दुकानात साडी बघावी तशी जागा चोखंदळपणे बघतेय, हे बघून तिला हसावं की रडावं कळेना.

शेवटी भुवई खिडकीच्या बाजूला, दुसऱ्या रांगेत, कडेच्या बाकावर बसली. मग उठून तिनं बाक जोर लावून तिरका केला. आता खिडकी तिच्या पाठीशी आली. उजेड तिच्या डोळ्यांत न येता समोरच्यांच्या तोंडावर पडत होता. सगळा वर्ग तिच्या डाव्या हाताला, म्हणजे ऐकू येणाऱ्या कानाकडे. थोडी मान वळवली की मागच्या बाकापर्यंतचे चेहरे. पण बाई अजून खिडकीसमोरच. तिनं टेबलाकडे बोट दाखवलं, मग पलीकडच्या भिंतीकडे.

"टेबल तिकडं हलवायचं?" बाईंनी विचारलं.

तिनं मान हलवली. या वेळची मान खरी होती.

टेबल ओढायला शिपाईमामा आले. ते जागेवर लागल्यावर ताईंनी दुसरा प्रश्न विचारला. "वर्गात तुला कसं बोलायला आवडेल? तोंडानं, हातानं, लिहून. एकच निवडायला पाहिजे असं नाही."

आईनं मधेच तोंड घातलं. "हातांची सवय लागली की ती तोंडच उघडणार नाही, ताई. मला तिला बोलताना ऐकायचंय."

"हातानं भाषा पक्की झाली म्हणून तोंडाचं काही बिघडत नाही," ताई म्हणाल्या. "पण आधी तिचं तर ऐकू."

भुवईचे हात आधी अडखळले. कित्येक आठवड्यांत कुणाशी सलग बोलली नव्हती ती. मग सुटले. ताई आईला आणि बाईंना सांगत गेल्या. "गणिताची उत्तरं तोंडानं देईन म्हणते. आकडे तिला नीट म्हणता येतात. भाषेच्या तासाला उभं केलंत तर पाटीवर लिहून दाखवेन, कारण बोलले की मुलं हसतात आणि मग मला काय सांगायचं ते विसरायला होतं. मधल्या सुट्टीत हातानं. ज्याला शिकायच्या असतील त्याला खुणा शिकवेन."

"आणि घरी?" आईनं विचारलं. हे तिनं मुलीकडे तोंड करून, हळू विचारलं.

भुवईनं तोंडानं उत्तर दिलं, तिच्या त्या जाड, नाकातल्या आवाजात. "दोन्ही. पण काटे काढ."

आईला आधी उमजलंच नाही. मग उमजलं, आणि तिचा हात आपोआप तोंडापाशी गेला.

बदल काही जादूनं झाला नाही. बाई पहिल्या आठवड्यात दहादा फळ्याकडे तोंड करून बोलल्या आणि दहादा जीभ चावली. पण हळूहळू अंगवळणी पडलं. फळ्याची डावी पट्टी त्यांनी राखून ठेवली. सकाळीच तिथं लिहायचं, आज काय काय, कुठलं पान, कुठले नवे शब्द. काही बदललं तर लाल खडूनं, आणि वर्ग सोडायच्या आधी. आधी लिहायचं, मग वर्गाकडे वळायचं, मग बोलायचं. धड्यात धरण आलं तर धरणाचं चित्र. बोलणाऱ्यानं हात वर करायचा, बाईंनी त्याच्याकडे बोट करायचं, भुवईची नजर तिथं पोचली की मग बोलायचं. मागच्या बाकाचा प्रश्न बाई पुन्हा म्हणून दाखवायच्या. मुलांनी बाकांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधले, तेव्हा खडखडाट निम्मा झाला आणि शेजारच्या वर्गाच्या सरांनीही ट्यूब मागितली. 'कळलं ना?' हे बाईंनी टाकूनच दिलं. त्याऐवजी, "काय कळलं ते सांग." आणि हे त्या सगळ्यांनाच विचारू लागल्या, तेव्हा लक्षात आलं की मान हलवणारी भुवई एकटीच नव्हती.

विज्ञानाच्या सरांची मिशी वरच्या ओठावरून ओघळायची. ओठ दिसत नाहीत, असं तिनं पाटीवर लिहून दाखवलं. सरांनी मिशी काढायला साफ नकार दिला. आईनं निरोप पाठवला, की कात्री माझ्याकडे आहे. दुसऱ्या दिवशी सर मिशी स्वतःच छाटून आले.

शेजारी कोण बसणार, हेही भुवईला विचारलं होतं. तिनं वर्गातली सगळ्यात बडबडी मुलगी निवडली. तिला सगळे रेडिओ म्हणायचे. "हिच्याशेजारी रेडिओ कशाला?" मुलं हसली. पण भुवईनं पाहून ठेवलं होतं: रेडिओचं अख्खं तोंड बोलायचं, डोळे, नाक, खांदे सगळं. अंदाज बांधायला इतकं सोपं माणूस वर्गात दुसरं नव्हतं. रेडिओनं खुणा अशा झपाट्यानं उचलल्या, की निम्म्या चुकीच्या. एकदा तिनं मोठ्या ऐटीत सांगितलं, "काल सुट्टी असेल." हात पुढं न्यायच्या ऐवजी मागं नेला होता. भुवई पोट धरून हसली. या शाळेत आल्यापासून पहिल्यांदा.

सगळं ठीक चाललं होतं, असं कुणालाही वाटलं असतं. पण आठवणीला बाक बदलून चालत नाही.

रेडिओशी बोलताना भुवई शब्द निवडून, हळू बोलायची, जसं आपण परगावच्या पाहुण्याशी बोलतो. विनोद समजावून सांगावा लागायचा. वर्गातलं आता तिला पुष्कळ कळायचं. पण खळीकडे नुसतं बघितलं तरी सगळं कळायचं, ते काही वेगळंच होतं. दर रविवारी निवासी शाळेच्या वसतिगृहातल्या अधीक्षिकांच्या फोनवरून खळीशी व्हिडिओ कॉल व्हायचा. फोन आरशाला टेकवून ठेवायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. एका रविवारी खळीनं बोलता बोलता एक खूण केली, ती भुवईला येईना. मूठ कपाळावर आपटायची आणि उघडायची. "हे काय?" तिनं विचारलं. खळी हसली. नवीन आहे, म्हणाली. आमच्या वर्गात निघालंय. मग तिनं तिचा अर्थ समजावून सांगितला. हळू, शब्द निवडून.

कॉल संपल्यावरही भुवई आरशासमोर बसून राहिली. तिनं ती खूण करून बघितली. आरशातल्या मुलीला ती जमत नव्हती.

आई मागून आली. खुर्ची फिरवून ती समोर बसली, तोंड उजेडाकडे करून. फिरत्या ताईंकडून ती बुधवारी बुधवारी खुणा शिकत होती, हे भुवईला माहीत नव्हतं. आईनं बोटं चाचपडत, तीनदा चुकून विचारलं, "तुला. परत. जायचंय?"

भुवई कितीतरी वेळ तिच्या हातांकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "हो." आईचा चेहरा पडला, पण तिनं नजर हलवली नाही. भुवईचे हात पुढं बोलले, "इथून जायचं नाही. पण तिथं जायचंय." आईला पहिलं समजलं, दुसरं समजलं, दोन्ही मिळून काय होतं ते काही समजलं नाही. तरी तिनं समजल्यासारखं केलं नाही. "विचार करू," म्हणाली. "घाई नको."

सत्र संपलं, निवासी शाळेला सुट्टी लागायला अजून आठवडा होता, तेव्हा आई तिला चार दिवस वसतिगृहावर घेऊन गेली आणि पाहुण्यांच्या खोलीत उतरली. चार दिवस भुवई तिला जेवायला बसलेल्या गोलात तेवढी दिसली, हातांच्या जंगलात. अधीक्षिका म्हणाल्या, एक जागा रिकामी आहे, पाठवायची असेल तर सांगा. आई म्हणाली, तिला विचारा.

खळीनंच विचारलं. फाटकाजवळच्या कट्ट्यावर, शेवटच्या दिवशी. "येणार ना?"

भुवईनं खूप बोलायचं ठरवलं होतं. तिथं माझा बाक आहे, मी तो स्वतः निवडला. बाई फळ्यावर माझ्यासाठी लिहितात. एक मुलगी आहे, तिचा काल आणि उद्या उलटा असतो. पण हे सगळं खळीला सांगताना कुठल्या तोंडानं, कुठल्या हातानं सांगायचं? तिनं एवढंच सांगितलं, "तिथं आई आहे."

"इथं मी आहे," खळीचे हात म्हणाले.

खळीनं आतून गाल चावला, खड्डा पडला, पण ते हसू नव्हतं. ती उठली आणि जेवणघराकडे चालू लागली.

परतीच्या बसमध्ये आई तिच्या शेजारची जागा सोडून समोरच्या, तिच्याकडे तोंड असलेल्या आसनावर बसली. मग भुवईनं आईच्या गुडघ्याला हात लावला आणि काहीतरी सांगितलं.

"थांब," आई म्हणाली. "नाही कळलं. परत सांग."

तिनं परत सांगितलं. बस हलत होती, हात हलत होते, आईला अर्धंच लागलं. "जेवणघर... ती गेली... पुढं?"

तिसऱ्यांदा भुवईनं सावकाश, एकेक खूण सुटी करून सांगितलं. "खळीनं एकदाही मागं वळून बघितलं नाही. मी फाटकाबाहेर येईपर्यंत बघत होते."

आईला कळलं. पोरीची बोटं अजून हवेतच होती. ती तिनं दोन्ही हातांत घेतली आणि लगेच सोडूनही दिली, म्हणजे पुढं काही सांगायचं असेल तर मोकळी असावीत.